तुरा, पाय आणि मुदत ठेव

कोंबडी या प्राण्याशी माझी ओळख वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत फक्त रश्श्यातून होती. तिला पाय किती हे मला ठाऊक होतं, कारण दोन्ही पाय घरातल्या थोरल्या मंडळींच्या ताटात जात आणि माझ्या वाट्याला मान येई. पण त्या पायांना मूळचा रंग असतो, आणि त्या रंगाला अर्थ असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बी.कॉम. झालेला माणूस. यंत्रावर घसारा किती धरायचा हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण कोंबडीवर घसारा कसा चढतो, आणि तो तिच्या अंगावर कुठे लिहिलेला असतो, हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

मग माझी बदली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली आणि माझ्या टेबलावर कर्जाचे अर्ज येऊ लागले. शेळ्या, म्हशी, कोंबड्या! मुंबईच्या शाखेत माझ्यासमोर माणसं यायची. इथे जनावरांचे फोटो यायचे. एक मात्र खरं, फोटोतली जनावरं काउंटरवर वाद घालत नसत.

पहिलीच फाइल आली ती कडकनाथची. एका तरुणाने पन्नास कडकनाथ पक्ष्यांसाठी कर्ज मागितलं होतं, आणि नमुन्यादाखल आधीच आणलेल्या आठ पक्ष्यांचा फोटो जोडला होता. मी भिंग घेऊन फोटो पाहिला. सगळे काळेकुळकुळीत. मी ऐटीत शेरा मारला, ‘पक्षी काळे व सुदृढ. कडकनाथ असल्याची खात्री झाली.’ खाली सही ठोकली. मॅनेजरसाहेबांचा माझ्या खात्रीवर विश्वास नसल्यामुळे (या एका बाबतीत त्यांचं आणि माझ्या बायकोचं मत जुळतं) त्यांनी फाइल घेऊन मला जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं.

तिथले डॉक्टर चहा पीत होते. फोटो पाहून त्यांना इतकं हसू आलं, की अर्धा चहा बशीत आणि उरलेला माझ्या शेऱ्यावर सांडला.

“अहो बँकवाले, ही काळी कोंबडी आहे. कडकनाथ नाही!”

“काळी आहे ना?”

“काळी आहे म्हणूनच तुम्ही फसलात. तिचा तुरा बघा. टोमॅटोसारखा लाल. तोंडही लाल. पाय बघा, पांढरट. कडकनाथचं काळेपण पिसात नसतं हो, कातड्यात असतं, मांसात असतं, अगदी हाडावरच्या पातळ आवरणातही असतं. त्यामुळे ते जिथे पिसं नाहीत तिथे बघायचं. तुरा, चोचीखाली लोंबणाऱ्या पाळ्या, तोंड, पाय. हे सगळं काळपट किंवा जांभळट हवं. उलट त्याची पिसं नुसती काळीच असतात असंही नाही. मानेवर चंदेरी नाही तर सोनेरी छटा असलेलेही अस्सल कडकनाथ असतात.”

मध्य प्रदेशातल्या झाबुआ आणि धार भागातला हा पक्षी. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याचा भाव चढला आणि काळ्या रंगाच्या प्रत्येक कोंबडीला अचानक माहेर झाबुआचं फुटलं. त्याचं अंडं मात्र काळं नसतं. ते साध्या फिक्या तपकिरी रंगाचं असतं. तेव्हा कुणी काळं अंडं दाखवलं, तर ते कोंबडीने नव्हे, माणसाने काळं केलं असं समजावं.

“पण एक सांगतो,” डॉक्टर म्हणाले. “वयात आलेल्या कोंबड्याच्या तुऱ्यावर थोडी लाली दिसली, तर लगेच नाही म्हणू नका. तेवढी कधी कधी असते. तेव्हा पाय बघायचे, चोच उघडून आत बघायचं. तोंडातली गुलाबी जीभ फोटोत दिसत नाही, तेवढ्यासाठी पक्षी हातात घ्यावा लागतो.”

मी खजील होऊन बसलो होतो. माझी कीव येऊन त्यांनी विचारलं, “तुम्ही चेकवरची सही तपासता, तेव्हा शाईचा रंग बघता का?”

“छे! शाई कुठलीही असेल. आम्ही वळण बघतो.”

“मग कोंबडीची पिसं का बघता? पिसं म्हणजे शाई. वळण बघा, वळण!”

एवढ्या एका वाक्यात माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो तीन वर्षांच्या बी.कॉम.मध्ये पडला नव्हता. त्यानंतर दर शनिवारी काम आटोपलं की मी डॉक्टरांकडे जाऊ लागलो. बायकोला वाटे, मी पत्ते खेळतो. मी कोंबड्यांचे फोटो बघतो हे खरं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पत्तेच खेळत जा.”

डॉक्टरांनी मला जो क्रम शिकवला, तो असा. आधी तुरा, मग पाय, मग चोच आणि नखं, मग उभं राहण्याची ढब, आणि सर्वांत शेवटी पिसं.

तुरा सर्वसाधारणपणे करवतीसारखा उभा, एकेरी असतो. आपल्या गावरान कोंबड्यांतही बहुतेकींचा तसाच. पण कुणाचा तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला, तीन बारीक ओळींत वाटाणे मांडल्यासारखा दिसतो. तो असीलचा. असील ही झुंजीची जात. झुंजीत प्रतिस्पर्ध्याला धरायला काही सापडू नये, अशा बेतानेच जणू त्याचा तुरा आणि पाळ्या आखडून घेतल्या आहेत. मी हे शिकलो आणि दुसऱ्याच आठवड्यात एका फोटोतल्या कोंबडीला छातीठोकपणे असील म्हणालो. डॉक्टरांनी मान हलवली. असा वाटाणी तुरा एकेरी तुऱ्यावर मात करतो. म्हणजे गावात एक असील कोंबडा येऊन गेला, की त्याच्या पोरांची डोकी बापासारखी दिसू लागतात, बाकी अंग आईचं असलं तरी. नुसत्या तुऱ्यावरून फार तर एवढं म्हणता येईल, की घराण्यात कुणीतरी पैलवान होता.

तिथे ढब उपयोगी पडते. खरा असील उभा राहतो तो पोलीस कवायतीतल्या हवालदारासारखा. मान उंच, पाठ घसरगुंडीसारखी मागे उतरती, शेपूट खाली झुकलेलं, पाय लांब आणि जाड, पिसं अंगाला चापून बसवलेली. गावरान कोंबडी वेगळी. तिचं अंग हलकं, शेपूट वर, नजर चोरट्यासारखी चहूकडे. अर्धा पाय उचलूनच उभी, कारण कोणत्या क्षणी पळावं लागेल याचा नेम नाही. आणि ब्रॉयलर? त्याची छाती इतकी पुढे आणि पाय इतके फाकलेले, की लग्नात तीन पंगती जेवून आडवं व्हायला जागा शोधणाऱ्या माणसाची आठवण यावी.

पायांच्या रंगाबद्दल गावात एक ठाम समजूत होती. पिवळे पाय म्हणजे फार्मची कोंबडी, काळपट पाय म्हणजे गावरान. मीही ती सहा महिने बाळगली. डॉक्टरांनी तीही काढून घेतली. गावरानचे पाय पिवळे असतात, राखाडी असतात, काळसर असतात, पांढरटही असतात. इतकंच काय, ज्या लाल रानकोंबड्यापासून पाळीव कोंबडी मुख्यतः आली, त्याचे पाय राखाडी. पिवळ्या पायांचा वारसा दुसऱ्याच सोयऱ्याकडून आला असावा, असं शास्त्रज्ञांनी २००८ साली त्या वारशाची तपासणी करून दाखवलं. आणि तो सोयरा म्हणजे कोण, तर आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडणारा राखी रानकोंबडा! म्हणजे ज्या पिवळ्या पायांना आम्ही परके म्हणून हिणवत होतो, त्यांचं आजोळ घाटातच निघालं.

पण पिवळ्या पायांची खरी गंमत पुढे आहे, आणि ती कुठल्याही बँकवाल्याने ऐकावी अशी आहे. हा पिवळेपणा कोंबडी मक्यातून, हिरव्या पाल्यातून मिळवते आणि कातडीत साठवते. ती अंडी घालू लागली, की तोच रंग अंड्याच्या पिवळ्या बलकात जाऊ लागतो आणि अंगावरची शिल्लक उतरू लागते. तीही क्रमाने. आधी मागची बाजू फिकी पडते, मग डोळ्याभोवतीचं कडं, मग कानाची पाळी, मग चोच, आणि सर्वांत शेवटी पाय. पाय पांढुरके व्हायला सलग चारसहा महिने अंडी घालावी लागतात. अंडी थांबली, की त्याच क्रमाने रंग पुन्हा भरतो. म्हणजे पिवळ्या कातडीच्या कोंबडीचे पाय हे तिचं पासबुक आहे! त्यात जमा आहे, खर्च आहे, आणि नोंदी कुणाला खाडाखोड करता येत नाहीत. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. ज्या कोंबडीचे पाय मुळातच राखाडी किंवा पांढरे, तिचं आपल्या शाखेत खातंच नाही असं समजायचं. आणि जिला मका-पाला मिळालाच नाही, तिच्या पासबुकात जमाच नसते, मग खर्च काय वाचणार?

हे सगळं ज्ञान मी मिरवण्यासाठी जमवत होतो. त्याचा उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो झाला गेल्या वर्षी, एका सोमवारी.

आमच्या शाखेतले शिपाई तात्या. त्यांची धाकटी बहीण आक्का सकाळी सकाळी पावती घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. नवरा गेल्यावर मिळालेल्या पैशातली तिची मुदत ठेव होती. ती मोडायची होती.

“आक्का, सात महिने राहिलेत. आत्ता मोडलीत तर व्याज कमी मिळेल.”

“मोडा की सायेब. कोंबड्या घ्यायच्यात. वीस नग, साडेचारशे रुपयानं. नऊ हजार हुत्यात. अस्सल गावरान हाय. अंडी घालाय लागलेल्या तलंगा. चार खुडूक बसवल्या की पावसाळ्यापतूर घर भरतंय पिल्लांनी.”

एरवी मी फॉर्म पुढे केला असता. पण ‘अस्सल गावरान’ हे शब्द ऐकल्यावर, कुणी ‘माझीच सही आहे’ म्हटलं की होतं तसं झालं. मी म्हटलं, “फोटो आहे?”

तिने फोन काढला. व्यापाऱ्याने तीन फोटो पाठवले होते. पहिल्यात एक राजबिंडा कोंबडा, भगवी मान, हिरवट काळं शेपूट. तात्या मागून म्हणाले, “काय देखणा हाय बघा!” देखणा होताच. फक्त तो विकायला नव्हता. विकायच्या होत्या त्या कोंबड्या, आणि त्या दुसऱ्या फोटोत होत्या.

मी दुसरा फोटो मोठा करून पाहिला. पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, की सगळ्या कोंबड्या एका रंगाच्या होत्या. फिकट विटकरी, एकाच ताग्यातून कापड फाडून शिवल्यासारख्या. अशी वीस गावरान कोंबड्यांची टोळी मी आजवर पाहिलेली नाही. गावरान म्हणजे कुणी ठिपक्यांची, कुणी भुरी, कुणी काळी, कुणी चितळी. एका आईच्या पोटच्या चौघी बहिणी चार रंगांच्या असतात. गणवेश घातलेल्या कोंबड्या दिसल्या, की शाळा कुठली ते विचारावं.

पण पिसं म्हणजे शाई! मी स्वतःला आवरलं आणि क्रमाने निघालो. तुरा एकेरी, मोठा, आणि लुळा पडून एका बाजूला कलंडलेला. नुकत्या अंड्यावर आलेल्या तलंगेचा तुरा लालबुंद आणि ताठर दिसायला हवा. हे तुरे चांगलेच जुने होते. मग पाय. पांढुरके. पण फोटो बल्बच्या उजेडात काढलेला, त्यामुळे पायांवर माझा भरवसा नव्हता. पिवळ्या बल्बखाली तर माझेही पाय गावरान दिसतात.

मग मी चोच पाहिली, आणि तिथे प्रकरण उलगडलं. समोर तोंड केलेल्या पाच कोंबड्यांच्या चोची नीट दिसत होत्या. पाचही जणींची वरची चोच आखूड, बोथट, आणि खालची पुढे आलेली. गावात एखादीची चोच दगडावर आपटून मोडेल. पाचांची सारखी मोडत नाही. पिंजऱ्यात अंड्यांसाठी पाळतात त्या पिल्लांची चोच लहानपणीच छाटतात, दाटीत त्यांनी एकमेकींना टोचून जखमी करू नये म्हणून. तिसऱ्या फोटोत एक कोंबडी हातात धरलेली होती. तिची मान खालच्या बाजूला उघडी पडली होती, शेपटाची पिसं झिजून काड्या उरल्या होत्या, आणि नखं लांब होऊन वळली होती. पिंजऱ्याच्या तारेला मान घासते, आणि माती उकरायला मिळत नाही म्हणून नखं झिजत नाहीत. परसातल्या कोंबडीची नखं मोलकरणीच्या झाडूसारखी रोज झिजतात.

मी फोन खाली ठेवला. “आक्का, या तलंगा नव्हेत. या पिंजऱ्यातून निवृत्त झालेल्या बायका आहेत. दीड वर्षाच्या आसपास असतील. अंड्यांचा जोर ओसरला की फार्मवाले यांना थोडक्यात विकून टाकतात. गावरान नाहीत.”

तात्यांना पटेना. “अंडी तर घालतील का न्हाय? मग बिघडलं काय?”

“थोडीफार घालतीलही. पण तात्या, आक्काला पिल्लं हवीत. या जातीची निवडच अशी केली आहे, की कोंबडीने खुडूक बसून वेळ घालवू नये, अंडी घालत राहावं. यांतली खुडूक बसणार कोण? आणि मुंगूस आलं तर यांनी जन्मात पळून पाहिलेलं नाही.”

आक्का गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “तुमास्नी फोटूवरनं एवढं दिसतंय?”

आता खरं सांगायचं तर एवढंच दिसत होतं. ‘गावरान’ ही काही एक जात नव्हे, की तुरा इतका, पाय असे, म्हणून शिक्का मारावा. ती गावोगावची सरमिसळ. फोटोवरून कोंबडी गावरान आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. ती काय नाही, एवढं मात्र पुष्कळदा सांगता येतं. आमच्या सह्यांचंही तसंच आहे. खोटी सही पकडता येते. खरी सही फक्त ‘हरकत नाही’ म्हणून पास होते.

तरी माझी चूक होऊन एखाद्या व्यापाऱ्यावर अन्याय नको, म्हणून मी आक्काकडून त्याला निरोप धाडला. उन्हात फोटो काढा. कोंबडी आडवी उभी करा, म्हणजे तुरा आणि पाठ दिसेल. समोरून काढलेल्या फोटोत प्रत्येक कोंबडी सारखीच आश्चर्यचकित दिसते. पाय गवतात लपवू नका. शेजारी पांढरी ताटली ठेवा. ताटली फोटोत पिवळी आली, तर पायांचा पिवळेपणाही खोटा. आणि चोचीचा एक फोटो जवळून. मॅनेजरसाहेब माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. ते म्हणाले, “कोंबड्यांचं केवायसी चाललंय वाटतं?”

फोटो आले नाहीत. ‘घ्यायच्या तर घ्या, नायतर गिऱ्हाइकं उभी हायत’ असा निरोप मात्र आला. आक्काने पावती पदरात बांधली आणि तशीच परत गेली.

पुढच्या आठवडी बाजारातून तिने चार कोंबड्या आणि एक कोंबडा घेतला, आपल्या डोळ्यांनी बघून, आपल्या हातांनी चाचपून. चौघींचे चार रंग. दोघींचे पाय पिवळे, एकीचे राखाडी, एकीचे कसलेच नीट सांगता येत नाहीत असे. पावसाळ्यापर्यंत घर पिल्लांनी भरलं नाही. पहिल्या खेपेतली निम्मी घारीने नेली. पण दोघी खुडूक बसल्या होत्या, आणि सात महिन्यांनी मुदत ठेव पुरी झाली तेव्हा आक्का व्याज घ्यायला आली ती फडक्यात दहा अंडी बांधूनच. अंडी मी घेतली. बँकेच्या नियमात ते बसतं की नाही हे मी तपासलेलं नाही, आणि कृपा करून वाचकांनीही तपासू नये.

त्या रात्री अंड्याची पोळी खाता खाता मी बायकोला सगळी हकिगत सांगितली. शेवटी जरा फुशारकीनेच म्हटलं, “फोटोवरून माणसाला काय काय ओळखता येतं बघ!”

“मलाही येतं,” ती म्हणाली. “तुमचा फोटो आला होता ना आमच्याकडे. सूट होता अंगावर. बाबा म्हणाले, काय रुबाब आहे! मी म्हटलं, सूट भाड्याचा असेल.”

सूट भाड्याचाच होता. मी म्हटलं, “मग काय पाहिलंस?”

“ढब. मान पुढे, खांदे पडलेले, पाय एकाच जागी रोवलेले. म्हटलं, हे स्थळ उडणारं नाही, झुंजणारंही नाही. खुर्चीत बसवलं की खुडूक बसेल.”

आणि तिने शेवटचं अंडं माझ्या ताटात वाढलं.